विश्लेषण : रांगेतले ‘कमी महत्त्वाचे’ काम कायमचेच का रखडते?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधला ‘आयबीएम ७०९४’ हा संगणक १९७३ मध्ये बंद करण्यात आला, तेव्हा १९६७ साली दिलेले एक काम त्याच्या रांगेत तसेच पडून असल्याचे आढळले, अशी एक कथा संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आढळते. पाठ्यपुस्तकेही ती ‘असे म्हणतात’ या सावध शब्दांतच सांगतात, तेव्हा तिच्या खरेपणाची हमी देता येत नाही. पण तिच्यात अशक्य असे काही नाही. ते काम कोणी नाकारले नव्हते, यंत्रही बिघडले नव्हते. प्रत्येक वेळी त्याच्यापेक्षा महत्त्वाचे दुसरे काम समोर होते, एवढेच. रांगेचा नियम काटेकोर पाळला, तर असे का होते आणि त्यावर ‘एजिंग’ हा उपाय कसा चालतो, याचा हा वेध.

‘उपासमार’ म्हणजे नेमके काय?

संगणकात एकाच वेळी अनेक कामे प्रोसेसरची वाट पाहत असतात. कोणाला आधी संधी द्यायची हे ठरवणाऱ्या भागाला शेड्युलर म्हणतात. त्याला सांगता येईल असा सर्वात सोपा नियम म्हणजे प्रत्येक कामाला प्राधान्याचा क्रमांक द्यायचा आणि दर वेळी रांगेतले सर्वाधिक प्राधान्याचे काम उचलायचे. नियम तर्काला धरून आहे. बँकेचा ओटीपी पाठवण्याचे काम आणि महिनाअखेरीचा अहवाल तयार करण्याचे काम एकाच वेळी आले, तर ओटीपी आधी गेलाच पाहिजे.

गोची अशी की या नियमात ‘आधी कोण’ याचे उत्तर आहे, ‘किती वेळ थांबायचे’ याचे नाही. खालच्या प्राधान्याच्या कामाला संधी मिळते ती वरची रांग पूर्ण रिकामी झाल्यावरच. ती रिकामी होण्याआधी वरच्या प्राधान्याचे नवे काम आले, की खालचे काम पुन्हा जिथल्या तिथे. उशीर होणे ही वेगळी गोष्ट आहे. उशिराला निदान अंदाज तरी असतो. इथे प्रतीक्षेला वरची मर्यादाच उरत नाही. संगणकशास्त्रात याला ‘स्टार्व्हेशन’, म्हणजेच उपासमार म्हणतात. शब्द थोडा भडक वाटतो, पण अचूक आहे. ताट वाढले जात असते, पण ते दर वेळी पुढच्याकडे जाते.

रांग किती भरली की उपासमार सुरू होते?

एक हिशेब मांडू. एका कार्यालयातला सर्व्हर मिनिटाला एक, म्हणजे तासाला ६० कामे उरकतो असे धरू. कामे दोन प्रकारची. तातडीची, म्हणजे ग्राहकाला लगेच जाणारे संदेश, आणि सावकाशीची, म्हणजे अहवाल. सकाळी दहा वाजता एक अहवाल रांगेत येतो. त्या क्षणी आठ तातडीची कामे आधीच थांबलेली आहेत आणि पुढे तासाला ५५ या गतीने नवी येत आहेत.

वरवर पाहता चिंतेचे कारण नाही. सर्व्हरची क्षमता ६० आणि तातडीची कामे ५५. तासाला पाच कामांची जागा उरतेच. पण ही उरलेली जागा आधी ते आठचे थकीत काम संपवण्यात जाते. तासाला पाच या गतीने आठ कामांची थकबाकी फिटायला ९६ मिनिटे लागतात. म्हणजे एका मिनिटाचा अहवाल सुरू व्हायला ११ वाजून ३६ मिनिटे होतात.

आता तातडीच्या कामांचा ओघ तासाला ५५ ऐवजी ५८ करून पाहा. वाढ फक्त तीन कामांची. शिल्लक क्षमता मात्र पाचवरून दोनवर आली. तीच थकबाकी फिटायला आता चार तास लागतात आणि अहवाल दुपारी दोनला सुरू होतो. ओघ ६० झाला, तर कधीच नाही.

या उदाहरणात कामे अगदी एका लयीत येतात असे धरले आहे. प्रत्यक्षात ती झुंडीने येतात आणि अंदाज आणखी बिघडतो. तरी मुद्दा स्पष्ट व्हावा. उपासमार क्षमता संपल्यावर अचानक सुरू होत नाही, ती क्षमता संपत आली की वेगाने वाढू लागते. तिचा सगळा भार खालच्या वर्गावर पडतो. वरच्या वर्गाला ५५ आणि ५८ मधला फरक फारसा जाणवतही नाही. म्हणून तक्रार येते ती खालून, आणि ती ऐकणारे बहुधा वर असतात.

‘एजिंग’चा नियम काय सांगतो?

काम जितके जास्त वेळ थांबेल, तितके त्याचे प्राधान्य आपोआप वाढवत न्यायचे, हा एजिंगचा गाभा. आपल्या उदाहरणात तातडीच्या कामाचा क्रमांक शून्य आणि अहवालाचा २० मानू. क्रमांक जितका लहान, तितके काम आधी. आता नियम असा की रांगेत काढलेल्या प्रत्येक मिनिटामागे कामाच्या क्रमांकातून एक वजा करायचा. हा लाभ दोन्ही प्रकारच्या कामांना सारखाच.

सगळ्यांचाच क्रमांक सारख्या गतीने कमी होत असेल, तर अहवालाला फायदा काय, असा प्रश्न इथे पडू शकतो. फायदा नंतर येणाऱ्यांच्या तुलनेत आहे. दहा वाजता आलेल्या अहवालाचा क्रमांक दहा वीसला शून्य झालेला असतो. त्यानंतर, समजा १० वाजून २१ मिनिटांनी, तातडीचे काम आले, तर त्याचा क्रमांक शून्य असतो आणि अहवालाचा उणे एक. ते काम आता अहवालाला मागे टाकू शकत नाही. दोघेही थांबून राहिले तरी दोघांचेही वय सारखेच वाढते, म्हणून हे अंतर पुढे कधी बदलत नाही.

म्हणजे या नियमाने प्रत्यक्षात तातडीच्या कामाला २० मिनिटांची सवलत दिली आहे. अहवालानंतर २० मिनिटांच्या आत आलेले तातडीचे काम त्याच्या पुढे जाऊ शकते, त्यानंतरचे नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना याचा आणखी एक उपयोग आहे. दर मिनिटाला रांगेतल्या हजारो कामांचे क्रमांक बदलत बसण्याची गरजच नसते. काम येताक्षणी त्याच्या येण्याच्या वेळेत त्याच्या वर्गाची मिनिटे मिळवायची, अहवालासाठी दहा वाजून २० मिनिटे, आणि त्या वेळेनुसार रांग लावून मोकळे व्हायचे.

आता पुन्हा हिशेब करू. ओघ तासाला ५५ चा. अहवालापुढे आधीची आठ कामे आणि पुढच्या २० मिनिटांत येणारी साधारण १८, अशी एकूण २६ कामे. अहवाल १० वाजून २६ मिनिटांनी सुरू होतो. ओघ ५८ असेल तर १० वाजून २७ मिनिटांनी, ६० असेल तर १० वाजून २८ मिनिटांनी. आधी हेच आकडे साडेअकरानंतर, दुपारी दोन आणि कधीच नाही असे होते.

मग या वेळेची किंमत कोण मोजतो?

एजिंगविषयी बोलताना हा प्रश्न सहसा टाळला जातो. ५५ च्या ओघात अहवाल ११:३६ ऐवजी १०:२६ ला सुरू झाला, म्हणजे त्याचे ७० मिनिटे वाचले. पण जुन्या नियमाने या ७० मिनिटांत सर्व्हरने ७० तातडीची कामे केली असती. आता ती प्रत्येकी एक मिनिट उशिरा होतात. सत्तर कामे गुणिले एक मिनिट, म्हणजे सत्तर मिनिटे. हिशेब तंतोतंत जुळतो आणि हा योगायोग नाही. सगळी कामे सारख्याच लांबीची असतील आणि यंत्र रिकामे बसत नसेल, तर क्रम कसाही लावला तरी प्रतीक्षेची एकूण बेरीज बदलत नाही. एजिंग प्रतीक्षा कमी करत नाही, ती वाटून देते.

हा व्यवहार बहुतेक ठिकाणी रास्तच म्हणावा लागेल. एकाने सत्तर मिनिटे थांबण्यापेक्षा सत्तर जणांनी एकेक मिनिट थांबणे बरे. पण अहवाल एका मिनिटाचा नसून पंधरा मिनिटांचा असेल आणि मध्येच थांबवता येत नसेल, तर मागचा प्रत्येक ओटीपी पंधरा मिनिटे उशिरा जाईल. तोवर त्याची मुदत संपलेली असेल. म्हणून एजिंग लावण्याआधी लांबलचक कामाचे छोटे तुकडे करावे लागतात.

तसेच, तातडीच्या कामांचा ओघच तासाला ६६ असेल आणि क्षमता ६०, तर दर तासाला सहा कामे मागे पडत राहणार. एजिंग असेल तर अहवाल उपाशी राहणार नाही, पण दिवस सरत जाईल तसे सगळेच उशिरा होत जातील. तिथे उपाय दुसरा सर्व्हर हाच, किंवा काही कामांना नकार देणे.

सवलत २० मिनिटांची ठेवायची की दोन तासांची, हेही गणित सांगत नाही. पाठ्यपुस्तकांतल्या एका प्रसिद्ध उदाहरणात प्राधान्याचे क्रमांक शून्य ते १२७ आहेत आणि दर १५ मिनिटांनी काम एक पायरी वर चढते. सर्वात खालच्या पायरीवरून सर्वात वर पोहोचायला त्याला जवळपास ३२ तास लागतात. रात्री चालणाऱ्या हिशेबाच्या कामांना ते चालून जाईल. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला नाही.

आपल्या संगणकात हे कुठे घडते?

विंडोज प्रणालीत प्राधान्याच्या शून्य ते ३१ अशा पातळ्या आहेत. १६ आणि त्यावरच्या पातळ्या ‘रिअल टाइम’ म्हणजे अगदी वेळेवरच व्हायला हव्यात अशा कामांसाठी राखीव असतात. आपली नेहमीची कामे १ ते १५ मध्ये चालतात. प्रणालीचा ‘बॅलन्स सेट मॅनेजर’ नावाचा एक भाग दर सेकंदाला जागा होतो आणि तयार असूनही सुमारे चार सेकंदांत ज्याला प्रोसेसर मिळालेला नाही, असे काम शोधतो. सापडल्यास त्याला पायरीपायरीने वर न नेता थेट १५ वर उचलतो. मिळालेली संधी वापरून झाली, की ते काम पुन्हा आपल्या मूळ पातळीवर येते.

यातल्या दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. बढती तात्पुरती आहे. ती कायम ठेवली, तर काही वेळाने सगळीच कामे वरच्या पायरीवर जमा होतील आणि प्राधान्याला अर्थच राहणार नाही. दुसरे म्हणजे बढतीला कमाल मर्यादा आहे. चार सेकंद उपाशी राहिलेले कामही १५ च्या वर जात नाही. शिवाय शोधमोहिमेचाच भार होऊ नये म्हणून हा भाग एका फेरीत फक्त १६ कामे तपासतो आणि जास्तीत जास्त दहांना बढती देतो. उरलेली पुढच्या सेकंदाला.

लिनक्समध्ये डिस्कच्या रांगेसाठी ‘डेडलाइन’ पद्धतीचा एक शेड्युलर आहे. तो डिस्कवरून वाचण्याला लिहिण्यापेक्षा प्राधान्य देतो, कारण वाचणारा प्रोग्रॅम सहसा उत्तर येईपर्यंत अडून बसतो, तर लिहायचा मजकूर काही काळ मेमरीत थांबू शकतो. पण लिहिण्याची कामे अडकून पडू नयेत म्हणून त्यात एक मर्यादा आहे आणि तिचे नाव सरळ `writes_starved` असे आहे. तिची मूळ किंमत दोन. वाचनाला दोन वेळा झुकते माप दिले, की लेखनाची पाळी. इथे वय मोजले जात नाही, डावलल्याच्या खेपा मोजल्या जातात.

खालच्याची उपासमार वरच्याला कशी भोवते?

कमी महत्त्वाच्या कामासाठी एवढा खटाटोप कशाला, याचे एक उत्तर मंगळावरून आले. नासाचे ‘पाथफाइंडर’ यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक अधूनमधून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. कारण असे निघाले : हवामानाची नोंद घेणारे कमी प्राधान्याचे काम माहितीच्या सामायिक भागाला ‘कुलूप’ लावून आपले काम करीत असे. कुलूप त्याच्या हातात असतानाच मधल्या प्राधान्याची कामे येत आणि प्रोसेसर घेऊन बसत. सर्वोच्च प्राधान्याच्या कामाला तेच कुलूप हवे असे. पण ते ज्याच्या हाती, त्याला उघडण्याची संधीच मिळत नसे. महत्त्वाचे काम वेळेत झाले नाही हे पाहून सुरक्षायंत्रणा सगळा संगणकच पुन्हा सुरू करीत असे.

इथला इलाज एजिंगचा नव्हता. कुलूप ज्याच्या हाती आहे, त्याला तेवढ्यापुरते वाट पाहणाऱ्याचे प्राधान्य उसने द्यायचे, ही ‘प्रायॉरिटी इनहेरिटन्स’ नावाची सोय त्या प्रणालीत होतीच. ती बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून ती सुरू करण्यात आली आणि प्रश्न सुटला. कोण कोणामुळे अडले आहे हे माहीत असेल, तर ही सोय नेमकी ठरते. ते माहीत नसते तेव्हा विंडोजसारखे ठरावीक काळाने सगळ्यांनाच थोडे उचलून पाहणे उरते.

उपासमार ओळखायची कशी?

सरासरी पाहून नाही. एका दिवसात एक हजार तातडीची कामे प्रत्येकी दोन मिनिटांत झाली आणि २० अहवाल झालेच नाहीत, तर पडद्यावरचा तक्ता ‘सरासरी प्रतीक्षा दोन मिनिटे’ असेच दाखवेल. कारण सरासरी पूर्ण झालेल्या कामांची काढली जाते आणि जे उपाशी आहे ते पूर्ण झालेलेच नसते. वाट पाहून कंटाळलेल्याने काम रद्द केले, तर ते आकड्यांतून कायमचे नाहीसे होते आणि तक्ता आणखी चांगला दिसू लागतो! त्यामुळे पाहायचा आकडा एकच : प्रत्येक वर्गात, अजून न झालेल्या कामांपैकी सर्वात जुने काम किती जुने आहे. तो आकडा घड्याळाच्या गतीने वाढत असेल, म्हणजे तासाभराने पाहिल्यावर बरोबर एक तासाने वाढलेला दिसत असेल, तर त्या वर्गातले ते काम हललेलेच नाही.

एजिंग लावूनही हा आकडा वाढत राहतो, तेव्हा पहिला संशय फेरप्रयत्नावर घ्यावा. काम सुरू झाले, काही कारणाने फसले आणि रांगेत परत आले. परत येताना त्यावर नव्या वेळेचा शिक्का बसला, तर त्याचे साठवलेले वय शून्य होते. पुन्हा २० मिनिटे. पुन्हा फसले, तर पुन्हा शून्य. सर्व्हर बंद करून सुरू केल्यावर वय मेमरीतून पुसले जाणे हा याच चुकीचा दुसरा प्रकार. वय कामाच्या पहिल्या आगमनापासूनच मोजले पाहिजे आणि ते कामाबरोबर जपून ठेवले पाहिजे. सरकारी कचेरीत त्रुटी काढून परत पाठवलेला अर्ज नव्या आवक क्रमांकाने पुन्हा तळाशी जातो, हे ज्यांनी अनुभवले असेल त्यांना ही चूक वेगळी समजावून सांगायला नको.

वाट पाहणे हा नेहमीच हक्क ठरतो का?

नाही, आणि याचे सर्वात गंभीर उदाहरण अवयव प्रत्यारोपणाच्या यादीत आहे. मूत्रपिंडासाठी भारतातील राष्ट्रीय संस्था ‘नोटो’ने आखलेल्या गुणपद्धतीत रुग्णाने डायलिसिसवर काढलेल्या काळाला गुण मिळतात. हे एजिंगच आहे. डायलिसिसच्या आधारे रुग्ण काही काळ थांबू शकतो, म्हणून थांबण्याचा हिशेब ठेवणे तिथे न्याय्य ठरते.

यकृताला असा यंत्राचा आधार नाही. अमेरिकेत पूर्वी यकृताच्या यादीत प्रतीक्षेच्या काळाला बरेच वजन होते. परिणामी, प्रकृती फारशी बिघडलेली नसतानाही लवकर नाव नोंदवून वय साठवणे फायद्याचे ठरू लागले आणि कालपर्यंत बरा असलेला, आज अत्यवस्थ झालेला रुग्ण मागे राहू लागला. २००२ मध्ये तिथे ‘मेल्ड’ ही गुणपद्धत आली. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याच्या वेळेशी निगडित ‘आयएनआर’ या तीन तपासण्यांवरून रुग्ण पुढच्या तीन महिन्यांत दगावण्याचा धोका किती, याचा अंदाज त्यात सुरुवातीला बांधला जात असे आणि यादी त्या धोक्यानुसार लागू लागली. किती दिवस वाट पाहिली, हे तिथे विचारले जाते ते दोन रुग्णांचे गुण सारखेच असतील तेव्हा.